पत्ता आधी तपासायचा की जोडतानाच?

धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात संत्रा व्यापाऱ्यांसाठी ॲप बनतं. व्यापारी मालाच्या फोटोची लिंक देतो, सर्व्हर तो फोटो आणतो. कोणी तिथे `http://169.254.169.254/` टाकलं, तर सर्व्हर क्लाउडचा मेटाडेटा, कधी तात्पुरत्या किल्ल्यासुद्धा, आणून देईल.

कोडमध्येच डोमेनचा आयपी काढायचा आणि तो अंतर्गत निघाला तर नकार द्यायचा, हा सोपा उपाय. पाचेक ओळींचं काम, म्हणून आम्हीही आधी तेच केलं. चाचणीत फसलं. तपासणीच्या वेळी डीएनएसने बाहेरचा आयपी दिला, टीटीएल शून्य ठेवून, म्हणजे उत्तर साठवू नका असं सांगून. फोटो आणताना लायब्ररीने पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं 169.254.169.254!

दुसरा उपाय प्रॉक्सीचा. ती डोमेनचं नाव एकदाच सोडवते, आयपी तपासते आणि त्याच आयपीला जोडते. रीडायरेक्टची नवी विनंतीही तिच्याकडूनच जाते. सांभाळायला एक मशीन वाढतं खरं, पण मी हाच घेईन. मात्र ॲपची थेट वाट सर्व्हरवरच `iptables` ने बंद करा. एडब्ल्यूएसचा सिक्युरिटी ग्रुप मेटाडेटाची वाट अडवत नाही. शिवाय एडब्ल्यूएसच्या मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती, IMDSv2, सक्तीची करा: तिथे आधी `PUT` करून टोकन घ्यावं लागतं, त्यामुळे फोटोचं साधं `GET` रिकाम्या हाताने परततं.