गाण्याची पट्टी: स्वर गोळा करावेत की आधी सा धरावा?

इंदुरात गणपती जवळ आले की कार्यक्रमात साथ करणाऱ्या नव्या मुलांचा हा प्रश्न हमखास येतो. मी दोन्ही वाटांनी गेलोय. मेजर म्हणजे बिलावल थाट आणि नॅचरल मायनर म्हणजे ग, ध, नी कोमल असलेला आसावरी, हे ठाऊक असेलच.

पहिल्या वाटेत गाण्याबरोबर पेटीवर बोट फिरवत लागतील ते स्वर टिपायचे आणि ते कुठल्या सप्तकात बसतात ते पाहायचं. कान तयार नसला तरी हे जमतं. पण मला एका गोष्टीचा वैताग आला. समजा, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. मग गाणं पांढरी एकचं मेजर, की पांढरी सहाचं मायनर? दोन्हींचे सातही स्वर तेच! एवढी मेहनत करून शेवटी सा शोधावाच लागतो.

म्हणून मी आता सा आधी धरतो. गाणं मुखड्याच्या शेवटी थांबवायचं आणि जिथे 'आता घरी आलो' असं वाटतं तो स्वर गुणगुणायचा. समजा, चाल पांढरी सहा, एक, सात, सहा अशी फिरते आणि तीन, दोन, एक, सात, सहा अशी उतरते. खाली पांढरी एक धरून ठेवली तर हीच चाल 'ध सा नी ध, ग रे सा नी ध' होते आणि अधांतरी लटकते. पांढरी सहा धरली की तीच 'सा ग रे सा, प म ग रे सा' होऊन नीट टेकते.

सा मिळाला की फक्त गंधार तपासायचा. सा सोडून वर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा: तिसरी जुळली तर मायनर, चौथी जुळली तर मेजर. पांढरी सहापासून तिसरी पांढरी एक आणि चौथी काळी एक. आपल्या चालीत पांढरी एक आहे, म्हणजे मायनर. कोमल ध, नी नंतर पाहिले तरी चालतात, कारण चालीत ते कधी कधी येतच नाहीत.

ही वाटही अगदी बिनचूक आहे असं नाही. काही गाणी पंचमावर किंवा गंधारावर थांबतात, काही हळूहळू विरून जातात, तेव्हा शेवटचा स्वर फसवतो. अशा वेळी बेस ऐका, बहुतेकदा तो सा दाखवतो. जुन्या रेकॉर्डचा सा दोन पट्ट्यांच्या मधेच असेल, तर दोष तुमच्या कानाचा नसून बहुधा टेपच्या वेगाचा असतो.

स्वर गोळा करण्याचा मला उपयोग होतो तो एकाच ठिकाणी. सगळ्या पांढऱ्यांत मधूनच काळी चार डोकावली, तर गाणं बहुधा पांढरी सहाचं मायनर. संगीतकार सा वर परतताना पांढरी तीनची मेजर कॉर्ड घेतात, आणि तिच्यात ही काळी चार, म्हणजे मायनरचा शुद्ध केलेला नी, असते.