इन्स्टाच्या इनसाइट्सवर नर्सरीचं पेज चालवताना: रीचची बेरीज करू नका, बाकी सगळं नंतर

काकांची नर्सरी आहे साताऱ्याजवळ, तिचं इन्स्टा पेज मी सांभाळते. फॉलोअर्स १,८५० च्या आसपास, म्हणजे लहानच. प्रोफेशनल अकाउंट कसं करायचं, पेजचे आकडे म्हणजे इनसाइट्स कुठे दिसतात हे इथे सगळ्यांना माहीत असेल त्यामुळे ते सोडते. एवढंच लक्षात ठेवा की प्रोफेशनल अकाउंट करण्याआधीच्या पोस्टचे आकडे नंतर मिळत नाहीत.

हे लिहायला बसले त्याचं कारण एक भांडण. पावसाळ्यात आम्ही एका एजन्सीवाल्याला महिन्याला पैसे देत होतो (नाव घेत नाही, तो गावातच राहतो आणि काकांकडूनच कुंड्या नेतो). त्याचा रिपोर्ट यायचा रंगीत पीडीएफमध्ये, वर मोठ्या अक्षरात "या महिन्यात ३१,२०० लोकांपर्यंत पोहोचलो". काका खूश. मला मात्र पटेना, कारण ३१ हजार लोकांनी नर्सरी बघितली असेल तर गेटवर निदान गाडी लावायला जागा नको मिळायला? म्हणून अ‍ॅप उघडून त्याच महिन्याचा Accounts reached बघितला तर ९,४००. आणि या ९,४०० मध्ये स्टोरीजसुद्धा धरलेल्या असतात, नुसत्या पोस्ट नाहीत! मग समजलं की साहेबांनी प्रत्येक पोस्टचा रीच घेऊन सरळ बेरीज मारली होती.

रीच म्हणजे किती वेगवेगळ्या अकाउंट्सनी बघितलं, एक अकाउंट एकदाच मोजायचं. एकाच बाईने आपल्या पाच पोस्ट बघितल्या तर प्रत्येक पोस्टच्या रीचमध्ये ती एकेकदा आहे, पण महिन्याच्या रीचमध्ये एकदाच. हळदीला, लग्नाला आणि पूजेला आलेला मामा एकच असतो, तीन पाहुणे होत नाहीत. रोजच्या रीचची बेरीज करून आठवड्याचा रीच काढणं हाही तोच घोळ. जितका काळ हवा तितकी तारीख निवडून अ‍ॅप जो आकडा देईल तोच घ्यायचा. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "ताई, इंडस्ट्रीत असंच करतात." करत असतील. आमचे पैसे बंद.

इम्प्रेशन्सची बेरीज मात्र चालते, कारण तिथे माणसं मोजलेली नसतात, किती वेळा दिसलं ते असतं. ऑगस्ट २०२४ पासून इन्स्टाने व्ह्यूज हाच मुख्य आकडा केला, फोटो, रील, स्टोरी सगळ्यांना एकच, त्यामुळे आता जुना इम्प्रेशन्स शब्द शोधत बसू नका, त्या जागी व्ह्यूज आहे. एकाच माणसाने रील परत परत बघितली तर व्ह्यूज वाढतात, रीच नाही. दोन्हींचा भागाकार मात्र कामाचा. आमच्या एका दरपत्रकाच्या स्लाइडवाल्या पोस्टचा रीच ४८० आणि व्ह्यूज ८९०, म्हणजे माणशी जवळजवळ दोनदा. दर बघायला लोक परत येतात, हे त्यातून कळतं. शुभेच्छांच्या पोस्टला हा आकडा एकच्या थोडासा वर असतो, कारण दसऱ्याच्या शुभेच्छा परत कोण बघायला येणार.

आता आमच्यापुढचा मूळ प्रश्न, कुठल्या प्रकारच्या पोस्ट जास्त टाकायच्या. पहिले काही आठवडे मी एंगेजमेंटची टक्केवारी काढायचे, म्हणजे लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर सगळं मिळून भागिले रीच. आणि पहिला नंबर कोणाचा आला? शुभेच्छांचा! रीच ६१०, लाइक्स ७४, म्हणजे १२ टक्के. मी काकांना म्हटलंसुद्धा की आता दर सणाला टाकू. मग त्या ७४ जणांची यादी उघडली तर अर्धे आमचेच नातेवाईक आणि शेजारची दोन दुकानं. पोस्ट फॉलोअर्सपुरतीच राहिली, फॉलोअर्सनी मायेने लाइक केलं, सेव्ह शून्य, शेअर दोन. रीच कमी असला की अशी टक्केवारी आपोआप फुगते. म्हणून आता टक्केवारीच्या आधी फॉलोअर्स आणि नॉन-फॉलोअर्सची विभागणी बघते, जवळपास सगळे फॉलोअर्सच असतील तर ती टक्केवारी फक्त आपल्याच माणसांमधली आहे असं धरायचं.

आता लाइक्स बाजूला ठेवून दोनच गोष्टी बघते, सेव्ह आणि शेअर, आणि त्या दर हजार रीचमागे. शेअरला महत्त्व देते त्याला कारण आहे, जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच सांगितलं की रँकिंगसाठी, म्हणजे कुठली पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरवताना, वॉच टाइम, रीचमागे लाइक्स आणि रीचमागे पाठवलेले शेअर हे सगळ्यात महत्त्वाचे, आणि त्यातही आपल्याला न ओळखणाऱ्या लोकांपर्यंत जायला लाइक्सपेक्षा शेअर जास्त मोलाचे.

आमच्या हिवाळ्यातल्या आठ रील्स घ्या. रीच होते ७००, ८२०, ९००, १,०५०, १,१००, १,३००, २,१४० आणि ३८,०००. ते शेवटचं काय, तर रिकाम्या कुंडीत झोपलेलं मांजर. सरासरी काढली तर ५,७५१ येते, एजन्सीवाल्याने हाच आकडा मोठा करून छापला असता. पण आठपैकी सात रील्स त्याच्या निम्म्यालाही पोहोचल्या नाहीत! मधला आकडा घेतला, म्हणजे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची सरासरी, तर १,०७५. आमची नेहमीची रील एवढी चालते. नवीन रील चांगली की वाईट हे मी या १,०७५ शी ताडून बघते.

मांजराच्या रीलला शेअर १९० आले. ऐकायला भारी, पण हजारी ५. सेव्ह ४०, हजारी एक. २,१४० वाली रील मोगऱ्याच्या छाटणीची, जानेवारीच्या शेवटी टाकलेली, तिला शेअर ६१ आणि सेव्ह ११८, म्हणजे हजारी साधारण २८ आणि ५५. तीन हजारसुद्धा रीच नाही पण ज्यांनी बघितली त्यांनी ठेवून घेतली आणि कुणालातरी पाठवली. वेळही बरोबर होती, मोगऱ्याची छाटणी उन्हाळ्याच्या फुलांआधी करायची असते, जानेवारी-फेब्रुवारीत. हीच रील जुलैत टाकली असती तर कोण सेव्ह करणार होतं.

मांजरावरून दुसरंही दिसलं. त्यातून बरेच फॉलोअर्स आले, पण ऑडियन्समध्ये शहरं बघितली तर सातारा-कराड सोडून लांबलांबची नावं वर चढली. ती मंडळी काही जास्वंद घ्यायला येणार नाहीत, आणि पुढच्या दरपत्रकावर बोटही लावत नाहीत, त्यामुळे फॉलोअर्स वाढले आणि फॉलोअर्समधला प्रतिसाद पातळ झाला. मांजर गोड आहे, मान्य. पण मुद्दाम मांजर शोधून रील करणार नाही.

इथे माझं मत परत थोडं बदललं. सेव्हवर इतका भर देत होते की "ऑफिसात ठेवायची दहा झाडं" अशा याद्या काढायला लागले, सेव्ह धो धो. आणि गेटवर कोणी नाही. काका काउंटरवरच्या वहीत आता रेघ मारतात, मोबाईलवर पोस्ट दाखवून विचारणारा आला की कुठली पोस्ट ते दोन शब्दांत. त्या वहीत याद्यांच्या रेघा जेमतेम, मोगरा आणि दरपत्रकाच्या भरपूर. एक काकू तर रील बरोबर जिथे कात्री फांदीच्या डोळ्याच्या वर लावली आहे तिथे थांबवून घेऊन आल्या होत्या, "इथंच कापायचं ना हो?" म्हणून, आणि जाताना दोन मोगरे आणि शेणखताची पिशवी घेऊन गेल्या. अ‍ॅपमध्ये याच्या सगळ्यात जवळचा आकडा म्हणजे प्रोफाइलवरच्या पत्त्यावर किती जणांनी टॅप केलं तो. दरपत्रकानंतर तो ६ होता. आता सहावरून काही ठरवू नका, पुढच्या वेळी दोन येतील तर घसरण झाली असं होत नाही. अशा बारक्या आकड्यांना मी एका प्रकारच्या सगळ्या पोस्ट एकत्र घेऊन बघते, सगळ्यांचे सेव्ह मिळवून, सगळ्यांच्या रीचने भागून. (हो, इथे रीचची बेरीज मीच करते, पण ती भागायला, लोकांना "इतकी माणसं" म्हणून सांगायला नाही.)

आणखी दोन अटी, यांच्याशिवाय तुलना फसते. एक, सगळ्या पोस्टचे आकडे टाकल्यापासून सातव्या दिवशी लिहायचे. जुनी रील महिनाभर लोकांना दिसत राहते, कालचीशी तिची तुलना केली तर जुनीच नेहमी जिंकणार. दुसरं, ऋतू. जूनमध्ये पाऊस पडला की आमची कुठलीही पोस्ट चालते, तेव्हा झाडं लावायचं मनात असतं सगळ्यांच्या. एजन्सीवाला "रीच वाढवला" म्हणत होता तो जून-जुलैच होता. त्याच आठवड्यातल्या पोस्ट एकमेकांशी ताडा, जूनची मार्चशी नको. बूस्ट केलेली पोस्ट तर या हिशोबातच घेऊ नका, तिथे जाहिरातीतून आलेले व्ह्यूज मिसळतात आणि विकत घेतलेला रीच सहसा सेव्ह करत नाही.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. आमची निम्मी गिऱ्हाइकं स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि स्क्रीनशॉट कुठल्याच आकड्यात येत नाही. दरपत्रकाचा खरा शेअर किती ते मला कधीच कळणार नाही, म्हणून वही चालू ठेवली आहे.

आता ठरलंय ते असं: शुभेच्छा फक्त स्टोरीत, दरपत्रक दर गुरुवारी, छाटणी-खत-कुंडी बदलायच्या रील्स हंगामाच्या दोन आठवडे आधी. याद्या बंद. मांजर आपण होऊन झोपलं तर टाकू.

इनसाइट्सना माझ्याकडून ५ पैकी ३.५. फुकट आहे आणि पुरतं, अर्धा कापला तो स्क्रीनशॉटसाठी आणि एक कापला तो यासाठी की एवढे आकडे एका पानावर देऊन त्यातला कुठला कशाशी मिळवायचा नाही हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही.