यूपीएस का स्टॅबिलायझर? सात महिने वापरून झाले, शेवटी दोन्ही घरात आहेत आणि वरून एक टिटवी

काल यूपीएसची बॅटरी बदलली, साडेनऊशे रुपये गेले, म्हणून हे लिहून राह्यलो. बॅटरी पाच महिन्यात गेली आणि त्यात माझी अर्धी चूक आहे हे सर्व्हिसवाल्यासमोर मान्य केलं नाही, इथं करतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरच्या कॉम्प्युटरवर दोन दुकानांचा हिशेब आणि सीझनमध्ये लोकांचे फॉर्म भरतो. नोव्हेंबरमध्ये हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि कॉम्प्युटर संध्याकाळी तीन-तीनदा आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. एकदा हिशेबाची फाईलच उघडेना, बॅकअप चार दिवस जुना, ते चार दिवस पावत्या बघून परत भरले. आधी वाटलं विंडोज खराब झालं. दुकानदार म्हणे रॅम बदला. रॅम बदलायच्या आधी `eventvwr` उघडून System मध्ये पाह्यलं तर प्रत्येक वेळी `Kernel-Power`, `Event ID 41`, आणि आत `BugcheckCode` समोर 0. निळा स्क्रीन येऊन बंद पडला असता तर तिथं दुसरा आकडा राह्यला असता. 0 म्हणजे बहुतेक वेळा विंडोजला कळायच्या आधीच करंट गेला. रॅमचे पैसे वाचले.

मग अडीचशेचं मल्टीमीटर आणून एसी 750 वर ठेवून आठ दिवस वहीत आकडे लिहिले. सकाळी 7 वाजता 221, संध्याकाळी 196, रात्री 10 ला 171, पहाटे पंप बंद झाले की 248. पण कॉम्प्युटर 171 ला पडत नव्हता, पंपांची लाईन जाऊन परत आली की दोन-पाच सेकंदात पडायचा. हे मला लय दिवस समजलं नाही. आमच्या डीपीवर गावाच्या कडेचे पंप पण आहेत आणि जवळपास सगळ्या पंपांना ऑटोस्विच लावलेलं, लाईन आली की सगळ्या मोटरी एकाच दमात उठतात. मोटर उठताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, त्या क्षणी मीटरवर 158 दिसले आणि मधेच लाईट अशी लपकन डोळा मिटते.

आता तो लपका एवढासा, मग कॉम्प्युटर का पडतो? एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला करंट देणारा आतला डबा, त्यात मोठा कॅपॅसिटर असतो, लाईन गेली तर तो एखाद-दीड शतांश सेकंद गाडा ओढतो, तेवढाच. पण साध्या स्वस्त एसएमपीएसमध्ये त्यातला साठा व्होल्टेजच्या वर्गावर चालतो. 230 ला जितका भरतो त्याच्या निम्म्याच्या आसपासच 170 ला भरतो. म्हणजे एरवी जो लपका निभून गेला असता तोच व्होल्टेज पडलेलं असताना निभत नाही. (एसएमपीएसच्या मागे लाल स्विच असला तर कोणी ऐकून तो 115 वर करू नका, पहाटे 248 आले की धूर निघेल.)

मी काय केलं तर व्होल्टेज कमी आहे म्हणून स्टॅबिलायझर आणला, 1800 ला. वर छान 220 दाखवायचा आणि कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा जास्त पडायला लागला! आतमध्ये रिले असतात, व्होल्टेज खालीवर झालं की टक करून टॅप बदलतात आणि त्या टकच्या मधल्या क्षणात आउटपुट तुटतं. फ्रिजला ते कळत पण नाही, कॉम्प्युटरला कळते. आणि लाईट गेली की स्टॅबिलायझर काय करणार, त्याच्यात बॅटरीच नाही. डिसेंबरमध्ये शिव्या देत 600 व्हीएचा यूपीएस घेतला, 2900. स्टॅबिलायझर माळ्यावर.

पहिले पंधरा दिवस मी खूश. एकदाही रिस्टार्ट नाही. फक्त तो बीप.

या बीपबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. लाईट गेली की दर काही सेकंदाला टीं, टीं, आणि बॅटरी उतरत आली की टींटींटींटीं. बंद करायचं बटनच नाही. काही मॉडेलमध्ये पॉवरचं बटन दाबून ठेवलं की आवाज बंद होतो, ह्याच्यात तेही नाही, मी सगळं करून पाह्यलं. आजी त्याच खोलीत झोपते. पहिल्याच रात्री ओरडली, “काऊन रे, हे टिटवी घरात काऊन आनली?” टिटवी रात्री ओरडली की अपशकुन, आता हे तिला कोण सांगणार की ही प्लास्टिकची आहे. ज्या माणसानं तीन हजाराच्या डब्यात आवाज बंद करायची सोय ठेवली नाही त्याच्या घरी रात्री नऊ ते पहाटे पाच लाईन जात-येत राहो, एवढंच म्हणतो.

पण लाईट असताना पण टिटवी ओरडायची, ते काऊन? खोक्यावर लिहिलं होतं, इनपुट रेंज 165 ते 290. मी घेताना व्हीए पाह्यले, हे पाह्यलंच नाही. 165 च्या खाली गेलं की यूपीएसच्या हिशेबानं लाईट गेलीच, तो बॅटरीवर जातो. आमच्याकडे रात्री काटा 160 ते 170 मध्येच खेळतो, म्हणजे बॅटरी सारखी उतरते. पूर्ण भरायला तिला सहा-आठ तास लागतात आणि तेवढा वेळ ती निवांत कधीच नसते. नवी होती तेव्हा माझा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून पंधरा मिनिटं चालायचे, मार्चमध्ये सहा, मेमध्ये लाईट गेली की सरळ बंद.

उघडली तर बॅटरी फुगलेली. सर्व्हिसवाला म्हणे ‘गरम झाली आहे, वॉरंटीत बसत नाही’, मी तासभर भांडलो. घरी आलो तर आजी यूपीएसला गोधडीनं झाकून झोपलेली, टिटवीचा आवाज दाबायला. डिसेंबरपासून रोज रात्री. वर टीनाचं छप्पर, मे महिना, त्याच्यावर गोधडी! ह्या सीलबंद बॅटरीचं वय 25 डिग्रीला धरून सांगतात आणि दर दहा डिग्री वाढले की साधारण निम्मं होतं. भांडण तिथंच मिटलं, सर्व्हिसवाल्याला काही सांगितलं नाही.

आता स्टॅबिलायझर माळ्यावरून खाली काढला आहे आणि मत पण बदललं आहे. भिंत, मग स्टॅबिलायझर, मग यूपीएस, मग कॉम्प्युटर. उलटं लावू नका, यूपीएस बॅटरीवर असताना त्याची लाट सरळ चौकटीसारखी असते, ती स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरला मानवत नाही. काल रात्री कूलरच्या लोडनं 159 आले, स्टॅबिलायझरनं 200 च्या वर उचलून दिले, यूपीएस बॅटरीवर गेलाच नाही. आणि मी ज्या तीन मिनिटांच्या डिलेला शिव्या देत होतो तो आता कामाचा निघाला. लाईन आली की स्टॅबिलायझर तीन मिनिटं दार लावून बसतो, तोपर्यंत सगळ्यांच्या मोटरी उठून शांत होतात, ती तीन मिनिटं बॅटरीवर निघतात.

पण खरं सांगू का, आधीच बरोबर यूपीएस घेतला असता तर स्टॅबिलायझर लागलाच नसता. 140 पासून चालणारा यूपीएस तिथंच शेजारी होता, पाचशे जास्त होते म्हणून सोडला. तुमच्या मीटरवर सगळ्यात कमी आकडा 150 च्या वर असला तर तसा एकटा यूपीएस घ्या, स्टॅबिलायझरच्या भानगडीत पडू नका. 140 च्याही खाली जात असेल तरच दोन्ही. आणि अर्थिंग पण पाहून घ्या, आमच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये 19 व्होल्ट निघाले, खड्ड्यात मीठ-कोळसा-पाणी टाकल्यावर 3 वर आले.

नव्या बॅटरीवर मार्करनं तारीख टाकली आहे. यूपीएस टेबलाखालून काढून खिडकीपाशी ठेवला, आजीची खाट बाहेरच्या खोलीत नेली. तिनं जाताना गोधडी मागितली, म्हटलं दुसरी घे, ही मी लपवली आहे.