एआयने काढलेला लोगो आणि सरबताच्या बाटलीवरचे आठ महिने

वेंगुर्ल्यात आमचा कोकम सरबत आणि आंब्याच्या जॅमचा घरगुती व्यवसाय आहे. आठ महिन्यांपूर्वी मी एका एआय साधनाच्या मोफत योजनेतून लोगो तयार करून घेतला. कोकमाचे फळ आणि त्याखाली लाट असे ते चित्र दिसायला देखणे, लेबलावर छापायलाही सुटसुटीत होते. चित्राच्या दर्जाबद्दल माझी आजही तक्रार नाही. अडचण आली ती मालकीच्या प्रश्नावर.

सहाव्या महिन्यात मालवणच्या एका दुकानात जवळजवळ तेच फळ आणि तीच लाट दुसऱ्याच्या बाटलीवर दिसली. मग मी साधनाच्या अटी प्रथमच नीट वाचल्या. मोफत योजनेत व्यावसायिक वापराला परवानगी नव्हती. पैसे भरल्यावर ती मिळत होती, पण तीही केवळ वापराची. तसेच चित्र इतर कोणाला मिळणार नाही, अशी हमी कुठेच नव्हती. म्हणून लेबले छापण्यापूर्वी आपल्या योजनेच्या अटी वाचाव्यात आणि त्या दिवशीच्या अटींची प्रत, तारखेसह, जपून ठेवावी.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. परंतु केवळ सूचना लिहिणारा माणूस त्यात बसतो का, हा प्रश्न वादाचा आहे, आणि अमेरिकेत तर मानवी कर्तृत्वाशिवाय कॉपीराइट मिळत नाही. व्यापारचिन्हाचे तसे नाही: तेथे चित्र कोणी काढले यापेक्षा ते तुमचा माल इतरांच्या मालापासून वेगळा ओळखू देते का, हे पाहिले जाते. नेमके तेच माझ्या लोगोला जमत नव्हते.

त्यानंतर मी चित्र शोधयंत्रात टाकून त्याच्यासारखी चित्रे पाहिली, आणि व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर केवळ नावाने नव्हे, तर व्हिएन्ना कोडनेही शोध घेतला. चित्रांचे वर्गीकरण करणाऱ्या या पद्धतीत फळे 5.7 या गटात येतात. नावाचा शोध मी आधीच घेतला होता, पण सारखे चित्र त्यात सापडत नाही. मालाचे वर्गही तपासावे लागतात, कारण सरबत 32 मध्ये मोडते आणि जॅम 29 मध्ये.

शेवटी मी नाव शब्दचिन्ह म्हणून दोन्ही वर्गांत स्वतंत्रपणे दाखल केले. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी प्रतिवर्ग 4,500 रुपये, म्हणजे एकूण 9,000 रुपये शुल्क पडले. लोगो कुडाळच्या एका चित्रकाराकडून हाताने नव्याने काढून घेतला आणि हक्क हस्तांतराचा लेखी करार केला. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिणे महत्त्वाचे, कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत.

नोंदणी होईपर्यंत लेबलावर टीएम लिहिता येते. वर्तुळातील आर मात्र नोंदणीनंतरच वापरावा. आधी वापरणे हा गुन्हा आहे. जुनी उरलेली लेबले मी वापरली नाहीत.