क्विक फॉरमॅट की पूर्ण फॉरमॅट?

जुन्या लॅपटॉपची 500 जीबीची हार्ड डिस्क विकायची होती. विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत `Quick Format` वर आधीच टिक असते. तशीच ठेवली आणि काही सेकंदांत डिस्क रिकामी दिसू लागली. मग फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवला, तर घरचे फोटो आणि पॅनकार्डाचा स्कॅनसुद्धा परत आला!

असं होतं कारण क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका नवी करतो. कोणती फाइल कुठे आहे ही नोंद जाते, पण पानांवरचा मजकूर तसाच राहतो. ती जागा 'मोकळी' म्हणजे पुढे कधीतरी वापरायला खुली, एवढंच. फोटोरेक अनुक्रमणिका बघतच नाही. जेपीईजी फोटो `FF D8 FF` या बाइट्सनी सुरू होतो, ती खूण तो सगळ्या डिस्कवर शोधतो. फाइलचं नाव मिळत नाही, फोटो मिळतो.

टिक काढली की पूर्ण फॉरमॅट होतो. विंडोज व्हिस्टापासून तो प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो. सेकंदाला 100 एमबी वेग धरला तर 500 जीबीला सुमारे दीड तास. नंतर फोटोरेकला काहीच सापडलं नाही. हार्ड डिस्क विकताना मी हाच पर्याय निवडेन, वेळ लागला तरी.

एसएसडीवर मात्र यावर विसंबू नका. तिचा कंट्रोलर नवीन लिखाण दुसऱ्याच जागी करतो, त्यामुळे जुने तुकडे राखीव भागात उरू शकतात. तिथे उत्पादकाच्या प्रोग्रॅममधला `Secure Erase` वापरा.