येण्यांचा एकपानी एजिंग गोषवारा: काही महिने वापरल्यानंतर

कोणत्या ग्राहकाकडून किती रक्कम किती दिवसांपासून येणं आहे हे दाखवणारा, सॉफ्टवेअरमधून निघणारा एजिंग रिपोर्ट आमच्याकडे तसाच्या तसा डायरेक्टरांपुढे जायचा. एका बैठकीत त्यांनी ‘90 च्या वर’ या रकान्यातलं 14 लाखांचं नाव पाहिलं आणि तिथूनच त्या ग्राहकाला फोन लावला. ग्राहक दुखावला, आणि त्याचं बरोबरच होतं. बिल 95 दिवसांचं होतं, पण उधारी 60 दिवसांची ठरलेली. म्हणजे थकलेले दिवस 35. त्यातही 3 लाख आधीच जमा झाले होते, फक्त बिलाला न लावता ‘ऑन अकाउंट’ पडून होते.

तेव्हापासून गोषवारा एक्सेलमध्ये करतो. वय बिलाच्या तारखेपासून नाही, देय तारखेपासून मोजायचं, याबाबत मी हट्टी आहे. F मध्ये देय तारीख, H1 मध्ये अहवालाची तारीख:

```
=MAX(0,$H$1-F5)
```

H1 मध्ये `TODAY()` टाकू नका. सोमवारी पाठवलेली फाइल साहेब गुरुवारी उघडतात तेव्हा बिलं पुढच्या रकान्यात सरकलेली असतात आणि छापील प्रतीशी बेरीज जुळत नाही.

आता तेच नाव ‘31 ते 60’ मध्ये 11 लाखांवर दिसतं. त्यातले 9 लाख पास झालेल्या बिलांचे, 2 लाख रिजेक्शनच्या डेबिट नोटवरून अडलेले. पूर्वी शेऱ्यात ‘फॉलोअप चालू’ असायचं, त्यातून कुणालाच काही कळायचं नाही. आता दोन ओळी असतात: ‘9 लाख – विक्री विभाग, शुक्रवारपर्यंत पेमेंटची तारीख लेखी घेणे’ आणि ‘2 लाख – क्वालिटी विभाग, तपासणी अहवाल देणे’. दुसऱ्या ओळीसाठी विक्रीवाल्याने कितीही फोन केले तरी पैसे सुटणार नव्हते. अहवाल गेला आणि ग्राहकाने डेबिट नोट मागे घेतली.

एका बाबतीत माझं मत बदललं. ‘180 च्या वर’ असा वेगळा रकाना हवाच, असं मला वाटायचं, कारण बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. वसुलीला हा मुद्दा कामाला येतो. पण ते दिवस बिलाच्या तारखेपासूनचे आणि आमचे रकाने देय तारखेपासूनचे. दोन्ही एका ओळीत आले की वाचणाऱ्याचा घोळ होतो. म्हणून रकाना काढला. बिलाला 150 दिवस झाले की कारवाईच्या ओळीतच ‘क्रेडिट परतीची मुदत’ आणि ती तारीख लिहितो.

त्रास एकच उरलाय: ‘ऑन अकाउंट’ रकमा अजून हाताने बिलांना लावाव्या लागतात. त्या लागल्याशिवाय मी गोषवारा पाठवत नाही, मग सोमवारची दुपार झाली तरी चालेल.