डेसिबल जास्त, फोटो मात्र धूसर: पीएसएनआरच्या तक्त्याने केलेली फसवणूक

जुने कृष्णधवल फोटो मोठे करून देणारं एक सॉफ्टवेअर मी तक्ता पाहून विकत घेतलं. विक्रेत्याच्या तक्त्यात त्यांचा पीएसएनआर, म्हणजे निकाल मूळ फोटोच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा, ३०.४ डेसिबल होता आणि मी आधी वापरत होतो त्या प्रोग्रामचा २८.१. एसएसआयएम हे साम्य मोजणारं दुसरं माप, तेही त्यांचंच जास्त. हातात आलेले फोटो मात्र असे की केस, दाढी, लोकरीचं विणकाम, सगळं मेणासारखं गुळगुळीत. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "आमचे आकडे कुणीही तपासून पाहावेत." म्हणून तपासले.

अशी चाचणी करताना मोठा फोटो आधी लहान करतात, मग प्रोग्रामकडून पुन्हा मोठा करून घेतात आणि मूळ फोटोशी ताडून पाहतात. प्रत्येक पिक्सेलमधल्या फरकाचा वर्ग करायचा, त्या सगळ्यांची सरासरी काढायची (हीच MSE), आणि मग:

```
PSNR = 10 · log10(255² / MSE)
```

पहिली लबाडी इथेच सापडली. आधीच्या प्रोग्रामचा आकडा त्यांनी फोटोच्या सरळ ० ते २५५ या मूल्यांवर काढला होता. स्वतःचा आकडा काढताना फोटो आधी व्हिडिओच्या पद्धतीच्या वाय चॅनेलमध्ये, म्हणजे फक्त उजेडाच्या मूल्यांमध्ये, बदलला. त्या पद्धतीत काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर येतो, म्हणजे सगळे फरक २१९/२५५ पटीने आकसतात. सूत्रातला २५५ मात्र तसाच ठेवला. एवढ्यानेच १.३ डेसिबल फुकट मिळतात, फोटो तसूभरही न सुधारता. रंगीत फोटोत रंगांमधल्या चुकाही वाय चॅनेलमधून गळून जातात, त्यामुळे नेमकी चोरी मोजणं अवघड होतं. माझे फोटो कृष्णधवल होते, म्हणून हिशोब लगेच जुळला. दोन्ही प्रोग्राम एकाच पद्धतीने मोजल्यावर त्यांचा आकडा २९.१ वर आला.

तरीही एक डेसिबल शिल्लक राहिला, आणि तो खरा होता. खरी मेख इथे आहे.

लोकरीच्या स्वेटरचा एक तुकडा घ्या. सरासरी उजेड १००, आणि विणीमुळे पिक्सेल कधी ११० तर कधी ९०. लहान केलेल्या फोटोत ही वीण पुसली गेली, त्यामुळे कोणता पिक्सेल ११० होता हे कुठल्याच प्रोग्रामला कळू शकत नाही. एक प्रोग्राम सगळीकडे सपाट १०० भरतो. प्रत्येक पिक्सेलची चूक १०, वर्ग १००, पीएसएनआर २८.१. दुसरा तितक्याच जोमाची, पण स्वतःच्या अंदाजाने वीण भरतो. अर्धे पिक्सेल बरोबर येतात, अर्ध्यांची चूक २०, त्यांचा वर्ग ४००. सरासरी २००, पीएसएनआर २५.१. डोळ्याला दुसरा तुकडा लोकर वाटतो आणि पहिला प्लॅस्टिक, पण पीएसएनआर प्लॅस्टिकला पूर्ण तीन डेसिबल जास्त देतो. अनेक शक्यतांची सरासरी काढून ठेवली की चुकांच्या वर्गांची सरासरी सर्वांत कमी होते, आणि सरासरी म्हणजेच धूसरपणा. फक्त पीएसएनआर वाढवायला घडवलेला प्रोग्राम फोटो गुळगुळीत करतो तो यामुळेच.

"मग एसएसआयएम कशाला आहे?" असं तुम्ही म्हणाल. मीही त्याच आशेवर होतो. वांग, बोविक, शेख आणि सिमोनचेली यांनी २००४ मध्ये मांडलेलं हे माप छोट्या छोट्या खिडक्यांमध्ये उजेड, कॉन्ट्रास्ट आणि रचना ताडून पाहतं. पण रचना जुळते की नाही हे तेही पिक्सेलच्या जागेवरूनच ठरवतं. वरच्याच स्वेटरवर नेहमीचे स्थिरांक घेऊन हिशोब केला, तर सपाट तुकड्याला साधारण ०.३७ मिळतात आणि अंदाजाने विणलेल्याला ०.२३. पुन्हा प्लॅस्टिकच पुढे! वर फोटोचा ९० टक्के भाग कोरी भिंत असेल आणि तिथे ०.९९ मिळत असतील, तर सपाट स्वेटरचा फोटोही सरासरीने ०.९३ घेऊन जातो. तक्त्यात ०.९३ किती भारदस्त दिसतो!

एकाच पद्धतीने दाबलेल्या एकाच फोटोच्या दोन प्रती ताडायला पीएसएनआर चांगलाच चालतो. दोन निराळ्या जातीचे प्रोग्राम त्याच्यावर तोलून विकायला निघणारा माणूस बहुधा हे जाणून असतो.

अशी खरेदी करणार असाल तर तक्त्याऐवजी निकालाच्या मूळ फाइल मागा, त्याही पीएनजीमध्ये. आकडे वाय चॅनेलचे आहेत की सगळ्या रंगांचे, आणि दोन्ही प्रोग्रामना एकच पद्धत लावली का, हे लेखी घ्या. मग केस किंवा कापडाचा एक तुकडा निवडून मूळ फोटोत आणि निकालात त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे पिक्सेलची मूल्यं सरासरीपासून किती पसरली आहेत ते, काढा. माझ्या फोटोत मूळ १० च्या जागी निकालात जेमतेम ३ उरलं होतं. उलट बाजूला हा आकडा मूळच्या बरोबरीचा आला म्हणून हुरळूनही जाऊ नका, कारण अंदाजाने भरलेली वीणही तो तेवढाच दाखवते. स्वेटरला ते चालेल. फोटोतल्या पाटीवरची अक्षरं किंवा कुणाचा चेहरा असेल, तर त्या जागा शंभर टक्के आकारात मूळ फोटोशेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.